आधी गाडी, मग ‘ती’

बँकेच्या भरतीपासून कॅटपर्यंत बऱ्याच परीक्षांत एक प्रश्न हमखास असतो. चार-पाच वाक्ये उलटसुलट करून दिलेली असतात आणि ती ओळीने लावून त्यांचा सलग परिच्छेद करायचा असतो. बहुतेक मुले वाक्ये पुन्हा पुन्हा वाचतात आणि कानाला बरा वाटेल तो क्रम लिहून मोकळी होतात. पाच वाक्ये १२० प्रकारे मांडता येतात. त्यांतले चार-पाच क्रम तरी कानाला बरे वाटतातच.

ही पाच वाक्ये पाहा.

अ) तिच्या चौदा डब्यांत सुमारे चारशे निमंत्रित बसले होते.
ब) पुढच्याच वर्षी तो मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला.
क) १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून भारतातली पहिली प्रवासी गाडी सुटली.
ड) त्यांना घेऊन ती साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांच्या जोरावर ठाण्याला पोहोचली.
इ) बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग सुमारे ३४ किलोमीटरांचा होता.

सुरुवातीचे वाक्य शोधताना ‘हे पहिले शोभेल का?’ असे विचारण्यात अर्थ नाही, कारण पुष्कळ वाक्ये शोभतात. विचारायचे ते असे : हे वाक्य एकटे वाचले तर काही अडते का? ‘तिच्या चौदा डब्यांत’ म्हटले की कोणाच्या, असा प्रश्न उभा राहतो. ‘त्यांना घेऊन’ म्हणजे कोणाला? ‘पुढच्याच वर्षी’ म्हणजे कोणत्या वर्षाच्या पुढच्या? अ, ब आणि ड अशी तिन्ही वाक्ये मागच्या कोणावर तरी टेकलेली आहेत. ती पहिली असू शकत नाहीत. उरली क आणि इ.

इथे घाईत चूक होते ती अशी. इ मध्ये ‘हा’ आहे, म्हणून कुणी ते लगेच बाद करतो. पण हा ‘हा’ मागच्या वाक्याकडे बोट दाखवत नाही. ‘बोरीबंदर ते ठाणे’ हे त्याचे मूळ त्याच वाक्यात, त्याच्या शेजारीच बसले आहे. ‘आपला’चेही तसेच. ‘जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या शहरात रेल्वे यावी म्हणून धडपड केली’ या वाक्यातले ‘आपल्या’ बाहेर कुठे जात नाही, त्यामुळे ते खुशाल पहिले येऊ शकते. ‘जो मार्ग आखला तो झाला’ यातल्या ‘तो’ला त्याचा ‘जो’ त्याच वाक्यात मिळतो. सर्वनाम दिसले की वाक्य बाद, हा नियम नव्हे. ज्याचे मूळ वाक्यात सापडत नाही तेवढेच बाद.

तेव्हा क की इ, हा निकाल तूर्त बाजूला ठेवून जोड्या लावू. ब मधला ‘तो मार्ग’ कोणता? मार्ग हा शब्द त्याआधी एकाच वाक्यात येतो, इ मध्ये. म्हणून इ-ब ही एक जोडी झाली. ‘त्यांना घेऊन’ हे शब्द माणसे मागतात, आणि माणसे आहेत फक्त अ मध्ये. अ-ड ही दुसरी जोडी. तसे पाहिले तर ‘त्यांना’ डब्यांनाही लागू पडते, कारण अनेकवचनात विभक्ती लागली की मराठीत लिंगभेद पुसला जातो. डबे, इंजिने, बायका, सगळ्यांचे ‘त्यांना’च होते. पण गाडी डब्यांना घेऊन पोहोचली असे कोणी लिहीत नाही. व्याकरणाचा दुवा सैल असला की अर्थाने तो आवळून घ्यावा लागतो.

आता पहिल्या वाक्याचा निकाल लागतो. इ पहिले घेतले तर त्याला चिकटून ब येणार आणि ‘पुढच्याच वर्षी’ला आधार उरणार नाही, कारण साल फक्त क मध्ये आहे. म्हणजे सुरुवात क ने. पहिले वाक्य ठरताच १२० क्रमांचे २४ राहिले, एका जोडीने त्यांचे ६ केले, दुसरीने २. क-अ-ड-इ-ब किंवा क-इ-ब-अ-ड.

दोघांपैकी कोणता? दुसऱ्या क्रमात गाडी सुटते, मग मार्गाची लांबी, मग १८५४ सालचे कल्याण, आणि त्यानंतर एकदम ‘तिच्या चौदा डब्यांत’. ‘तिच्या’चे मूळ तीन वाक्ये मागे पडले, आणि काळही पुढे जाऊन मागे आला. क-अ-ड-इ-ब मध्ये मात्र ‘तिच्या’च्या पाठीला पाठ लावून ‘गाडी’ आहे, आणि ड मधल्या ‘ठाण्याला’वरून इ मधल्या ‘बोरीबंदर ते ठाणे’वर सहज जाता येते. हाच क्रम बरोबर.

इंग्रजी प्रश्नांवर हात बसवून मराठीकडे येणाऱ्याला एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. इंग्रजीत गाडी, डबा, इंजिन या सगळ्यांना एकच सर्वनाम पुरते, म्हणून तिथे नुसत्या सर्वनामावरून फार कळत नाही. मराठीत गाडी ती, डबा तो, इंजिन ते. ‘तो मार्ग’ऐवजी नुसते ‘तो’ असते तरी आपण गाडीकडे वळलो नसतो. इतकेच काय, सर्वनाम गाळले तरी क्रियापद बोलते. ‘पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत पोहोचला’ यात कर्ता नाही, पण ‘पोहोचला’ म्हणतो की मागे कोणीतरी पुल्लिंगी एकवचनी शोधा. मराठीत असे गाळणे इतके अंगवळणी पडले आहे की दुवा शोधताना डोळा सर्वनामाइतकाच क्रियापदाच्या शेपटीवरही ठेवावा.

फसवतात ती रूपे वेगळी. ‘ते’ म्हणजे एक इंजिन, अनेक डबे, किंवा आदराने एक नाना शंकरशेट. ‘ती’ म्हणजे एक गाडी किंवा तीन इंजिने. ‘त्याच्या’ पुल्लिंगालाही चालते आणि नपुंसकलिंगालाही. पण ‘तिच्या’ फक्त स्त्रीलिंगी एकवचनालाच. म्हणून पाच वाक्यांत ‘तिच्या’ दिसले तर आधी तेच धरावे आणि ‘त्यांनी’ शेवटाला ठेवावे. नावांनाही असाच क्रम असतो. ‘जगन्नाथ शंकरशेट’ आधी, नुसते ‘नाना’ नंतर. ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ आधी, ‘जीआयपी’ नंतर. सर्वनाम अजिबात नसलेल्या परिच्छेदात बरेचदा हाच एक धागा हाती लागतो.

पर्याय दिलेले असले, तर एक पक्की जोडी सापडली तरी बरेचदा काम भागते. ती ज्या पर्यायांत तुटते ते खोडायचे. कॅटमध्ये या प्रश्नाला पर्याय नसतात, क्रमाचे आकडे स्वतः टाइप करावे लागतात आणि एक वाक्य हलले तरी सगळे उत्तर चुकते. तिथे शेवटच्या दोन क्रमांतून एक निवडण्यासाठी वर केली तशी काळाची आणि अंतराची तपासणी टाळता येत नाही.

ही पद्धत माहितीपर लेखनावर चालते, कथेवर नाही. कथाकार मुद्दाम ‘तो दारात उभा होता’ असे पहिले वाक्य लिहितो आणि तो कोण हे दोन पानांनी सांगतो. प्रश्न काढणारे असले उतारे बहुधा टाळतात. पण वाईट काढलेला प्रश्नही पुढ्यात येतो, ज्यात दोन वाक्ये मागच्या एकाच नामावर टेकलेली असतात आणि एकमेकांशी त्यांचे काही देणेघेणे नसते. आपल्या परिच्छेदात ‘तिला पाहायला रुळांच्या कडेला गर्दी लोटली होती’ असे सहावे वाक्य घाला. ते क च्या लगेच मागे बसेल, ड च्या मागेही बसेल. कोणते बरोबर, याचे उत्तर वाक्यांत नाही, फक्त उत्तरपत्रिकेत आहे.