दोन्ही बाजूंनी कोंडलेली संख्या

कॅल्क्युलेटर घेऊन एक साधा प्रयोग करता येतो. 2 चं वर्गमूळ काढायचं, 3 चं घनमूळ, 4 चं चौथं मूळ, आणि असंच पुढे. पहिलं उत्तर 1.414, दुसरं 1.442, तिसरं पुन्हा 1.414. इथून पुढे आकडे उतरू लागतात. 10 चं दहावं मूळ 1.259 येतं, 100 चं शंभरावं 1.047, 1000 चं हजारावं 1.0069 आणि 10,000 चं दहा हजारावं 1.0009.

इथे दोन गोष्टींची ओढाताण चालली आहे. मुळाच्या चिन्हाखालची संख्या वाढते आहे, त्यामुळे उत्तर मोठं व्हायला हवं. पण मूळही तितकंच मोठं काढलं जातं आहे, त्यामुळे ते लहान व्हायला हवं. आकडे पाहता दुसऱ्याची सरशी होते आणि उत्तर 1 कडे सरकतं असं दिसतं. पण कॅल्क्युलेटर कितीही वेळ चालवला तरी तो शेवटी मोजकीच पदं दाखवणार. ही क्रमिका खरोखर 1 ला जाऊन भिडते, की 1.0000003 वर अडून राहते, हे त्याला सांगता येत नाही. ते सांगायला सिद्धता लागते, आणि इथे उपयोगी पडतं ते अकरावी-बारावीच्या वर्गांत ‘सँडविच थिअरम’ किंवा ‘स्क्वीझ थिअरम’ म्हणून शिकवलं जाणारं प्रमेय. इटलीत त्याला दोन काराबिनिएरींचं, म्हणजे दोन पोलिसांचं प्रमेय म्हणतात: आरोपीच्या दोन्ही बाजूंना पोलीस असतील आणि दोघेही एकाच ठाण्याकडे निघाले असतील, तर मधल्याचा मुक्काम वेगळा सांगावा लागत नाही.

प्रमेय असं आहे. aₙ, xₙ आणि bₙ या तीन क्रमिका आहेत. एका ठरावीक पदानंतर नेहमी aₙ ≤ xₙ ≤ bₙ असतं. खालच्या aₙ ची सीमा L आहे आणि वरच्या bₙ ची सीमाही तीच L आहे. तर मधल्या xₙ लाही सीमा असते आणि ती L च असते.

हे इतकं उघड वाटतं की बहुतेक विद्यार्थी एका ओळीत सिद्धता लिहून मोकळे होतात. असमानतेच्या तिन्ही बाजूंची सीमा घ्यायची. डावीकडे L, उजवीकडे L, मध्ये xₙ ची सीमा. म्हणून ती L. ही ओळ चुकीची आहे. xₙ ला सीमा आहे हेच तर दाखवायचं होतं, आणि ‘xₙ ची सीमा घेऊ’ असं म्हणताना ती आहे असं आधीच धरून चाललं जातं. प्रमेयातला अवघड अर्धा भाग न दाखवताच पदरात पाडून घेतला जातो.

हा आक्षेप नुसता काटेकोरपणापोटी घेतलेला नाही. −1, 1, −1, 1 अशी उड्या मारत राहणारी क्रमिका घ्या. ती नेहमी −1 − 1/n आणि 1 + 1/n यांच्या मध्ये असते. खालच्या क्रमिकेची सीमा −1, वरच्या क्रमिकेची 1. वरचीच एका ओळीची युक्ती इथे लावली, तर मधल्या क्रमिकेची सीमा −1 आणि 1 यांच्या दरम्यान कुठेतरी आहे असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात या क्रमिकेला सीमाच नाही. युक्तीला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून मुळाशी, सीमेच्या व्याख्येपाशी जावं लागतं. फ्रेंच गणिती कोशी यांनी 1821 साली पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमधल्या अभ्यासक्रमासाठी लिहिलेल्या पुस्तकात एप्सिलॉन हे अक्षर असमानतांच्या कामाला जुंपलं. पुढे जर्मनीत वायरस्ट्रास यांच्या बर्लिनमधल्या व्याख्यानांतून व्याख्येला आजचं रेखीव रूप आलं. क्रमिकेपुरती ती अशी: xₙ ची सीमा L आहे याचा अर्थ, कोणतीही धन संख्या ε दिली, तरी तिच्यासाठी असा एक टप्पा N सापडतो की N नंतरच्या प्रत्येक n साठी

|xₙ − L| < ε

यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी समोरचा माणूस ε देतो. तो 0.1 देईल, 0.01 देईल, एक अब्जांशही देईल. मग आपण N शोधून दाखवायचा. ε लहान झाला की N सहसा मोठा होतो आणि त्याला कुणाची हरकत नाही. हरकत एकाच गोष्टीला: N नंतरचं एकही पद L पासून ε इतकं किंवा त्याहून जास्त दूर जाता कामा नये.

केवल मूल्याचं चिन्ह उलगडलं, तर त्या एका ओळीत दोन असमानता दडलेल्या दिसतात:

L − ε < xₙ < L + ε

डावी असमानता म्हणजे पद फार खाली गेलेलं नाही, उजवी म्हणजे फार वर गेलेलं नाही. सिद्धतेची सगळी किल्ली या उलगडण्यात आहे.

आता सिद्धता. कुणीतरी धन संख्या ε दिली आहे असं समजू. aₙ ची सीमा L आहे, म्हणून याच ε साठी एक टप्पा N₁ मिळतो. त्यानंतर L − ε < aₙ < L + ε. bₙ चीही सीमा L आहे, म्हणून दुसरा टप्पा N₂ मिळतो. त्यानंतर L − ε < bₙ < L + ε. aₙ ≤ xₙ ≤ bₙ ही असमानता ज्या टप्प्यानंतर लागू होते त्याला N₀ म्हणू. या तिघांपैकी सर्वांत मोठा टप्पा N घ्यायचा. सर्वांत मोठा अशासाठी, की त्यापुढे तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या हव्या आहेत. मग N नंतरच्या प्रत्येक n साठी

L − ε < aₙ ≤ xₙ ≤ bₙ < L + ε

साखळीची दोन टोकं आणि मधली कडी वाचली की L − ε < xₙ < L + ε, म्हणजेच |xₙ − L| < ε. व्याख्येनं जे मागितलं होतं तेच हातात आलं. ε कोणताही चालत होता, म्हणून xₙ ची सीमा L आहे. मधल्या क्रमिकेला सीमा आहे असं कुठेही गृहीत धरलेलं नाही. तिचं अस्तित्व आणि तिची किंमत दोन्ही शेवटच्या ओळीत एकदमच मिळतात.

या साखळीकडे जरा निरखून पाहिलं तर एक सुंदर गोष्ट लक्षात येते. खालच्या क्रमिकेबद्दल दोन असमानता हाती होत्या, पण वापरली एकच: L − ε < aₙ. वरच्या क्रमिकेचीही एकच: bₙ < L + ε. उरलेल्या दोन पडूनच राहिल्या. त्या मागायचीही गरज नव्हती, कारण aₙ ≤ bₙ < L + ε हे साखळीतूनच मिळतं, आणि bₙ चंही तसंच. खालच्या क्रमिकेचं काम फक्त मधलीला खाली घसरू न देणं, वरचीचं काम फक्त तिला वर उसळू न देणं. सीमांची बेरीज करताना लागणारे ε/2 इथे सवयीनं आणणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. पण इथे दोन चुका एकमेकींत मिळवल्या जात नाहीत, त्यामुळे ε चे तुकडे करावे लागत नाहीत.

सिद्धता चार ओळींत संपली तरी प्रमेय वापरताना घाम फुटतो, कारण कोंडी करणाऱ्या क्रमिका आपल्यालाच शोधाव्या लागतात. आता n च्या n व्या मुळाकडे परत जाऊ. n दोन किंवा त्याहून मोठा आहे असं धरू. हे मूळ 1 पेक्षा मोठं असतं, म्हणून खालची क्रमिका आयती मिळते: सगळी पदं 1. वरचीसाठी त्या मुळाला 1 + h म्हणू. h धन आहे. मग

n = (1 + h)ⁿ

द्विपद प्रमेयानं उजवी बाजू उलगडली तर 1 + nh + n(n−1)h²/2 आणि पुढची पदं येतात, सगळी धन. मोह होतो तो पहिल्या दोन पदांवर भागवण्याचा. त्यातून n ≥ 1 + nh, म्हणजे h ≤ (n−1)/n मिळतं. हे खरं आहे, पण निरुपयोगी. (n−1)/n ची सीमा 1 आहे, त्यामुळे वरची क्रमिका 2 कडे जाते आणि खालची 1 वर उभी राहते. मध्ये एवढी मोकळी जागा उरली की कोंडी होत नाही. प्रमेय फसतं ते बहुधा असंच: असमानता बरोबर असते, पण ढिली असते. दोन्ही टोकांच्या सीमा स्वतंत्रपणे काढून त्या सारख्या आहेत का हे पाहिलं, की हा दोष लगेच पकडता येतो.

म्हणून तिसरं पद धरायचं. बाकी सगळी धन पदं सोडून दिली तर n > n(n−1)h²/2, म्हणजे h² < 2/(n−1). आता कोंडी घट्ट बसते: n चं n वं मूळ 1 च्या वर आणि 1 + √(2/(n−1)) च्या खाली. वर्गमुळातला अपूर्णांक शून्याकडे जातो, म्हणून वरची क्रमिकाही 1 कडे जाते. प्रमेय लागू झालं आणि सीमा 1 ठरली. मूळ 1.0000003 वर अडेल ही शंका मिटली.

यात आकडे घालून पाहण्यासारखं आहे. समजा ε = 0.01 दिला. √(2/(n−1)) हे 0.01 पेक्षा लहान हवं, म्हणून n हा 20,001 पेक्षा मोठा हवा. म्हणजे 20,002 व्या पदापासून पुढे मूळ 1.01 च्या खाली असल्याची हमी मिळते. प्रत्यक्षात मात्र ते 652 व्या पदापासूनच 1.01 च्या खाली उतरतं. कोंडीनं दिलेला टप्पा तीसपट उशिराचा निघाला! सिद्धतेत यानं काही बिघडत नाही, कारण व्याख्या एखादा टप्पा मागते, सर्वांत लवकरचा टप्पा मागत नाही. पण संगणकाला किती पदं मोजायला लावायची हे ठरवायचं असेल, तर अशा ढोबळ N वर विसंबणं महागात पडतं.

क्रमिकेऐवजी फल असेल, उदाहरणार्थ x शून्याकडे जाताना (sin x)/x, तर सिद्धता तीच राहते. टप्प्याच्या जागी δ हे अंतर येतं आणि सर्वांत मोठ्या N ऐवजी सर्वांत लहान δ निवडावं लागतं.

वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन 2ⁿ + 3ⁿ चं n वं मूळ कुठे जातं ते नक्की शोधावं. सुरुवातीला एवढं पुरे आहे, की 2ⁿ + 3ⁿ ही बेरीज 3ⁿ पेक्षा मोठी आणि 2 × 3ⁿ पेक्षा लहान असते.