जालन्याच्या सीडी आणि एक प्रमाणपत्र

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी याचिका केली. खोतकरांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत टळल्यावर घेतला गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्या दिवशी व्हिडिओ चित्रण झालं होतं आणि त्याच्या सीडीही मिळाल्या. पण सोबतचं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही.

कोर्टाच्या दृष्टीने सीडी ही मूळ चित्रणाची नक्कल, आणि नकलेत फेरफार सहज होतो. म्हणून ती कोणत्या यंत्रावरून, कशी काढली आणि ते यंत्र नीट चालत होतं का, हे जबाबदार माणसाने सही करून सांगावं लागतं. चित्रणात दिसतं ते खरं की खोटं, हे मात्र या कागदाने ठरत नाही. तो वाद पुढे व्हायचाच असतो.

औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्यांची तोंडी साक्ष पुरेशी धरून निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निकाल कायम ठेवला, पण हे कारण नाकारलं. तोंडी साक्ष प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. मूळ फोन वा लॅपटॉप मालकाने स्वतः साक्षीला उभं राहून दाखवला, तर प्रमाणपत्र लागत नाही. ईमेलचा सर्व्हर कोर्टात उचलून आणता येत नाही, तिथे ते लागतंच. आणि ज्याच्या हाती यंत्र आहे तोच देत नसेल तर? कोर्टाकडे अर्ज करून ते मागवा. सगळं करूनही मिळालं नाही, तर कायदा अशक्य गोष्ट मागत नाही. गोरंट्याल यांनी शक्य ते सगळं केलं होतं. मला या निकालातला हाच भाग सर्वांत न्याय्य वाटतो, कारण चित्रण बहुतेक वेळा समोरच्याच्याच ताब्यात असतं.

१ जुलै २०२४ पासून जुन्या कलम ६५-बची जागा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली. प्रमाणपत्राचा ठरीव नमुना आला आणि त्याचे दोन भाग झाले. पहिला भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचा हॅश लिहावा लागतो. विंडोजवर तो असा निघतो:

```
certutil -hashfile clip.mp4 SHA256
```

उत्तरात चौसष्ट अक्षर-अंकांची ओळ येते. फाइलमध्ये जरासा बदल झाला तरी ती ओळ पूर्ण बदलते. इथेच लोक फसतात. क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या व्हिडिओसारखी पाठवली की ॲप ती दाबून लहान करतं, आणि पलीकडे पोचलेल्या फाइलचा हॅश मूळ क्लिपशी जुळत नाही. तेव्हा भांडण कोर्टात जाणार असं दिसत असेल, तर ज्या फोनवर चित्रण केलं तो विकू नका, रीसेट करू नका, आणि वकिलाला फाइल मुळातून पेनड्राइव्हवर काढून द्या.