भरल्या ढेपेपाशी उपाशी जंतू (लेखांक ९)

गेल्या लेखांकात दूध नासते कसे हे आपण पाहिले. आणि जेथे पोषक द्रव्ये आहेत व थोडेबहुत पाणी आहे तेथे जंतूंचा अंमल बसायचाच, असा समज त्यावरून झाला असल्यास तो दुरुस्त करून घेण्याची वेळ आता आली आहे. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव या तालुक्यांच्या पेठांत जो गूळ ढेपांनी रचलेला दिसतो, त्यात साखर आहे, खनिजे आहेत आणि शेकडा पाच ते दहा भाग पाणीही आहे. मधात तर पाणी अठरा टक्क्यांच्या आसपास असते, तरी तो वर्षानुवर्षे टिकतो. उलट शेंगदाण्यात पाणी दहा टक्क्यांवर राहिले तर त्याला बुरशी धरते. तात्पर्य, पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातले किती मोकळे आहे, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

या मोकळेपणाचे माप म्हणजे जलक्रियाशीलता. बंद भांड्यात पदार्थ ठेवला असता त्यावरील हवेत बाष्पाचा जो दाब निर्माण होतो, त्याला त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्याच्या बाष्पदाबाने भागावे. शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता अर्थातच १, आणि विरघळलेल्या साखरेच्या वा मिठाच्या कणांनी पाणी जितके अडवून धरले असेल तितका हा आकडा खाली येतो. खजिन्यात जमा असूनही मंजुरीवाचून उचलता न येणाऱ्या रकमेसारखी या पाण्याची अवस्था असते. जंतूच्या पेशीला आतले पाणी राखावयाचे तर बाहेरचे पाणी पुरेसे मोकळे असावे लागते; ते नसेल तर पाणी पेशीतून बाहेर ओढले जाते, पेशी आक्रसते आणि भोवती कितीही अन्न पसरलेले असले तरी तिची वाढ थांबते. ऑस्ट्रेलियातील डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५३ साली पू निर्माण करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूची वाढ या मापाशी जोडून दाखविली. अन्न नासविणारे बहुतेक जंतू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत. स्टॅफिलोकोकस त्यांत चिवट, त्याची हद्द ०.८६ पर्यंत जाते. त्याखाली मुख्यतः बुरशी व काही यीस्ट यांचेच राज्य, आणि ०.६० च्या खाली कोणाचीच वाढ होत नाही.

आता गुऱ्हाळाकडे वळू, कारण हा आकडा काढण्याची एक नामी सोय तेथे, गुळव्याच्या नकळत, शतकानुशतके चालत आली आहे. चरकातून निघालेला रस काहिलीत चढतो, चुन्याची निवळी व भेंडीच्या खोडाचे चिकट पाणी घालून वर आलेली मळी काढली जाते, आणि मग जसजसे पाणी उडते तसतसा रसाचा उकळबिंदू वर सरकू लागतो. साखरेने अडविलेले पाणी वाफ होण्यास अधिक उष्णता मागते, म्हणून हे सरकणे. सुमारे १०५ अंशांवर काकवी होते. घट्ट ढेपेसाठी काहील ११८ अंशांच्या आसपास उतरवितात. गुळव्याजवळ तापमापक नसला तरी तो थेंबभर पाक थंड पाण्यात सोडतो, आणि त्याची गोळी घट्ट वळली की उतरविण्याचा हुकूम देतो.

या दोन आकड्यांतच सारे गणित आहे. ११८ अंशांवर शुद्ध पाण्याच्या बाष्पाचा दाब समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाच्या सुमारे १.८४ पट असतो. पण काहिलीतला पाक त्याच तापमानावर केवळ उकळतो आहे, म्हणजे त्याच्या बाष्पाचा दाब भोवतालच्या हवेइतकाच आहे. एकास १.८४ ने भागले की सुमारे ०.५४ येतात. काकवीसाठी हाच हिशेब केला तर १०५ अंशांवरील १.१९ या पटीवरून ०.८४ मिळतात. थंड झाल्यावर या आकड्यांत थोडा फरक पडतो, आणि नगर शहर सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर असल्याने तेथील हवेचा दाब कमी असून त्याच तापमानाला क्रियाशीलता आणखी किंचित खाली येते. परंतु मूळ मुद्दा अबाधित राहतो. गुळव्याची घट्ट गोळी साऱ्या सूक्ष्मजीवांच्या हद्दीपलीकडे पडते. काकवी बहुतेक जंतूंपासून सुरक्षित असली तरी यीस्ट आणि बुरशी यांच्या तावडीत सापडू शकते, आणि ती फसफसून आंबूस वास का मारू लागते याचा उलगडा येथेच होतो.

मात्र ढेपेचे हे कवच कायमचे नाही. ०.५४ क्रियाशीलतेचा गूळ ५४ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेशी समतोल राखतो. हवा त्याहून दमट झाली की तो तिच्यातून बाष्प ओढतो. आपल्या जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत असल्याने तेथे ढेप पावसाळाही बऱ्यापैकी काढते, पण अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीच्या दाट पावसात तीच ढेप उघडी ठेवली तर तिला पाणी सुटते. आधी पृष्ठभाग चिकटतो, मग त्यावर पातळ पाकाचा थर जमतो, आणि या पातळ थरातच यीस्ट व बुरशी प्रथम शिरकाव करतात. ढेपेचा गाभा तेव्हाही कोरडाच असतो. गूळ किती लवकर पाझरेल हे उसावरही अवलंबून असते. तोडल्यावर दिवसेंदिवस पडून राहिलेल्या उसातील साखर फुटून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज झालेले असते. फ्रुक्टोज तर ओलावा ओढण्यात अग्रेसर. प्रवरेच्या कालव्याखालील क्षारपड जमिनीतल्या उसाचा गूळही खारट उतरतो व लवकर पाझरतो. अशा गुळाची कितीही चांगली तजवीज केली तरी पावसाळ्यात त्याची खैर नाही, म्हणून तो आधी खपवावा हेच शहाणपण.

मधाचे गणित मधमाशी स्वतःच सोडविते: पंखांनी वारा घालून ती मकरंदातले पाणी उडविते आणि तो पक्व झाला की कोठीवर मेणाची टोपी बसविते. अशा मधाची क्रियाशीलता साधारण ०.५ ते ०.६ च्या दरम्यान पडते. टोपी बसण्याआधीच पोळे पिळणाऱ्याच्या मधात पाणी वीस टक्क्यांवर राहिले तर तो आंबतो. त्यात दोष मधाचा नव्हे, घाईचा.

सुक्या बोंबलाला मात्र साखरेचा आधार नाही, आणि पुष्कळ वेळा मिठाचाही नाही. ताज्या बोंबलात शेकडा नव्वदच्या आसपास पाणी. शंभर किलो माशातले घन द्रव्य दहाच किलो, आणि ते पंधरा टक्के ओलाव्यापर्यंत वाळविले की बारा किलोही भरत नाही. किनाऱ्यावर वलांडीवर टांगून ऊन-वाऱ्याने हे काम होते, आणि तोच माल देशावर बाजारी येतो. खडखडीत वाळलेला बोंबील वाकविला तर मोडतो. चामड्यासारखा वळला तर ओलावा शिल्लक आहे असे समजावे. मिठात मुरविलेल्या माशाचे आणखी एक दुखणे आहे. संपृक्त मिठाच्या पाण्याची क्रियाशीलता ०.७५ असते, आणि तेथवर तगणारे काही मीठप्रेमी सूक्ष्मजीव मिठागरातून मिठाबरोबरच येतात. माशावर गुलाबी-लाल छटा दिसली तर त्यांची वस्ती झाली असे जाणावे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वाढ थांबणे म्हणजे मरणे नव्हे. कोरड्या वा गोड पदार्थात जंतूंचे बीजाणू दीर्घकाळ निपचित राहू शकतात. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू कधी कधी आढळतात. प्रौढाच्या आतड्यातील इतर जंतूंपुढे त्यांचे काही चालत नाही, पण अर्भकाच्या आतड्यात ते रुजून विष निर्माण करतात. अर्भकांचा हा रोग अमेरिकेत १९७६ साली ओळखला गेला. आपल्याकडे नवजात बालकाला सोन्यासह मध चाटविण्याची चाल अनेक घरांत आहे; वर्ष पूर्ण होण्याआधी ती पाळू नये, आणि मध शुद्ध असल्याची खात्री असली तरीही पाळू नये, कारण या बीजाणूंना शुद्धतेशी काही देणेघेणे नाही.