आईचं रक्त गेलं कुठे?

मे महिन्यातली गोष्ट. लग्नाच्या जेवणानंतर जुलाब-उलट्यांनी बेजार झालेल्या ४६ वर्षांच्या एका बाईंना मुलाने रात्री दवाखान्यात आणलं. दीड दिवस पोटात काही टिकलं नव्हतं. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, नाडी ११८, सकाळपासून लघवी नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १२.७ आलं. रात्रभरात अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या सलाईन गेलं. सकाळी बाई उठून बसल्या आणि त्यांनी चहा मागितला. मुलगा मात्र नवा रिपोर्ट हातात घेऊन माझी वाट बघत होता. हिमोग्लोबिन १०.१.

"डॉक्टर, एका रात्रीत आईचं रक्त गेलं कुठे? रक्ताची बाटली आणू का?"

असं विचारणाऱ्या नातेवाइकाला "काळजी करू नका" एवढंच सांगून वाटेला लावणं मला पटत नाही. त्याच्या हातात दोन आकडे असतात आणि दुसरा पहिल्यापेक्षा कमी असतो. त्याने काळजी करायची नाही, तर कोणी करायची? मी त्याला शेजारी बसवलं आणि रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला.

रिपोर्टवर हिमोग्लोबिनच्या पुढे जे एकक छापलेलं असतं, त्याचा अर्थ शंभर मिलिलिटर रक्तात इतके ग्रॅम. अंगात एकूण हिमोग्लोबिन किती, हे तो आकडा सांगत नाही. सांगतो तो फक्त दाटपणा. वरण चुलीवर आटलं की घट्ट होतं, पाणी घातलं की पातळ होतं. पातेल्यातली डाळ दोन्ही वेळा तेवढीच असते. रक्तातली डाळ म्हणजे तांबड्या पेशी आणि त्यांच्यातलं हिमोग्लोबिन. पाणी म्हणजे त्या ज्यात तरंगतात तो रक्तद्रव, प्लाझ्मा.

बाईंचं वजन ५५ किलो. एवढ्या वजनाच्या बाईच्या अंगात साधारण साडेतीन लिटर रक्त असतं. आजारापूर्वी त्यांचं हिमोग्लोबिन १०.५ होतं असं धरू. म्हणजे एकूण हिमोग्लोबिन सुमारे ३६७ ग्रॅम. आता जुलाब-उलट्यांतून तीन लिटर पाणी आणि क्षार गेले. हे सगळं रक्तातून गेलं असतं तर माणूस जगलाच नसता. ते मुख्यतः पेशींच्या भोवती झिरपलेल्या पाण्यातून जातं, रक्तवाहिन्यांच्या वाट्याला साधारण पाचवा हिस्सा येतो. म्हणजे प्लाझ्मा सहाशे मिलिलिटरने घटला आणि रक्त उरलं २.९ लिटर. जुलाबातून तांबड्या पेशी गेल्या नाहीत. तेच ३६७ ग्रॅम आता कमी रक्तात मावले आणि आकडा झाला १२.७.

सलाईनचं गणितही याच वाटेने जातं. शिरेत तीन लिटर गेलं म्हणजे रक्त तीन लिटरने वाढलं, असं होत नाही. त्यातला मोठा भाग तासाभरात रक्तवाहिन्यांबाहेर झिरपून सुकलेल्या ऊतींमध्ये जातो, आत राहतो सुमारे चौथा हिस्सा. २.९ लिटरमध्ये पाऊण लिटरची भर पडली की होतात ३.६५ लिटर. ३६७ ग्रॅम त्यात वाटून पाहा, उत्तर १०.१ च्या आसपास येतं.

मुलगा थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आधीचा आकडाच फुगलेला होता?"

तेच. आणि माझी खरी काळजी तिथेच होती. बाईंना रक्तक्षय आधीपासून होता. बायकांमध्ये १२ च्या खालचं हिमोग्लोबिन कमी धरतात. अंगातलं पाणी आटल्यामुळे त्या रात्री १२.७ दिसलं आणि रक्तक्षय झाकला गेला. जुलाब थांबल्यावर हा पहिलाच रिपोर्ट घेऊन त्या घरी गेल्या असत्या, तर "रक्त चांगलं आहे" असं समजून आणखी वर्षभर दम लागत, थकत राहिल्या असत्या.

खूण मात्र त्याच कागदावर चार ओळी खाली होती. एमसीव्ही ७१. हा तांबड्या पेशीचा सरासरी आकार, ८० च्या खाली गेला तर पेशी लहान समजायच्या. प्लाझ्मा आटला तर पेशी दाटीवाटीने जवळ येतात, पण अशा आजारात त्यांचा आकार फारसा बदलत नाही. त्यामुळे ही ओळ पहिल्या रात्रीही खरं बोलत होती. लहान पेशी म्हणजे बहुधा लोहाची कमतरता. विचारल्यावर बाई संकोचत म्हणाल्या, दोन वर्षांपासून पाळीत अंगावरून फार जातं.

तरीही मुलाची शंका उडवून लावण्यासारखी नव्हती. १२.७ हा खरा आकडा असता आणि तो रक्तस्रावाने १०.१ वर आला असता, तर अंगातलं पाचवा हिस्सा रक्त, म्हणजे सुमारे सातशे मिलिलिटर, रात्रीतून कुठेतरी गेलं असतं. एवढं रक्त गुपचूप जात नाही. पोटात रक्तस्राव झाला तर शौच डांबरासारखं काळं, चिकट होतं, नाडी धावू लागते, बसतं केलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पचलेल्या रक्तामुळे युरियाही वाढतो. बाईंची नाडी ११८ वरून ८४ वर आली होती, पहाटे दोनदा भरपूर लघवी झाली होती, युरिया उतरला होता. रक्त जाणाऱ्या माणसाची तब्येत आकड्यासोबत ढासळते. यांची आकडा उतरत असताना सुधारत होती.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. अपघातात भळभळा रक्त गेलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन पहिल्या तासात १३ असू शकतं. पेशी आणि प्लाझ्मा दोन्ही सारख्याच प्रमाणात गेलेले असतात, त्यामुळे उरलेल्या रक्ताचा दाटपणा तोच राहतो. पातेल्यातून दोन डाव वरण काढून घेतलं तर उरलेलं पातळ होत नाही. शरीर आजूबाजूचं पाणी रक्तात ओढून घेतं किंवा आपण सलाईन देतो, त्यानंतरच आकडा पडतो. तोवर हिमोग्लोबिन पाहून निर्धास्त होणं चूक.

आणखी एक गोष्ट. एका तरुणाचं हिमोग्लोबिन दुपारी एकदम ६.२ आलं आणि धावपळ उडाली. रिपोर्टवर पोटॅशियम २.२ आणि क्लोराइड १२३ होतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही त्याच प्रमाणात उतरल्या होत्या. मुलगा मात्र खाटेवर बसून मोबाइल बघत होता. सलाईन ज्या हाताला चालू होतं, त्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूला नमुना घेतला गेला होता. नळीत रक्तासोबत सलाईनच आलं होतं. दुसऱ्या हातातून पुन्हा घेतलं, हिमोग्लोबिन १०. सलाईन चालू असताना रक्त नेहमी दुसऱ्या हातातून घ्यावं. तेवढीच शीर मिळत असेल, तर निदान दोन मिनिटं सलाईन बंद ठेवून सुईच्या खालच्या बाजूने घ्यावं. नातेवाइकांनी हे नम्रपणे आठवून द्यायला काहीच हरकत नाही.

बाईंना रक्ताची बाटली लावली नाही. स्थिर माणसाला सहसा ७ च्या खाली गेल्याशिवाय रक्त देत नाहीत. चौथ्या दिवशी जादा पाणी लघवीवाटे निघून गेल्यावर हिमोग्लोबिन १०.५ आलं. कोणी म्हणेल, वाढलं. एवढ्या अंगात मज्जा दिवसाला तीन-चार ग्रॅम हिमोग्लोबिन तयार करते आणि जवळपास तेवढंच जुनं रोज मोडीत निघतं. ही चढ नव्या रक्ताची नव्हती. पातेलं पुन्हा मूळ घट्टपणाला आलं होतं. लोहाच्या गोळ्या त्या दिवशी सुरू केल्या आणि पाळीच्या तपासणीसाठी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. मुलाने तो हिशेबाचा कागद घडी करून खिशात ठेवला.