हिमोग्लोबिन ८ असताना फिटनेस का मिळत नाही?

समजा, सोलापुरातल्या एका विडी कामगार बाईंची गर्भाशयाच्या गाठीची शस्त्रक्रिया ठरली आणि हिमोग्लोबिन ८ निघालं. भूलतज्ज्ञ तारीख पुढे ढकलतात, ते योग्यच. शस्त्रक्रियेत रक्त गेलं, तर शरीराला प्राणवायू पुरवायला पुरेसं हिमोग्लोबिन शिल्लक उरत नाही. गाठीमुळे पाळीत जास्त रक्त जाऊन लोह संपलेलं असतं. फेरिटिनच्या तपासणीत ते कळतं. गोळ्यांना वेळ नसेल तर शिरेतून लोह देतात आणि दोन-चार आठवड्यांत आकडा चढतो. तातडी नसताना रक्त चढवून घेण्याचा आग्रह धरू नये.

फिटनेस आयएनआरमुळेही अडकतो. तो १.५ च्या वर असेल, तर प्रश्न रक्त गोठण्याचा. वॉरफरिन चालू आहे का, यकृत बिघडलंय का, हे आधी पाहतात. वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी थांबवतात, पण हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्यांनी ही गोळी स्वतःहून बंद करू नये. झडपेवर गुठळी होऊ शकते.