वर्धापनदिनाच्या पत्रिकेतलं गणित

मंदिराच्या वर्धापनदिनाची पत्रिका बहुतेक जण दोनच गोष्टींसाठी बघतात: कीर्तन कोणाचं आणि महाप्रसाद किती वाजता. बाकीचा मजकूर, म्हणजे वेळापत्रक, 'सेवेकऱ्यांची आवश्यकता आहे' आणि खालच्या सूचना, नजरेखालून नुसता सरकतो. पण विश्वस्त मंडळाची खरी बैठक याच ओळींवर होते. त्या नीट बसल्या नाहीत, तर दुपारी दोन वाजता मांडवात एकीकडे पंगतीसाठी ताटकळलेले लोक आणि दुसरीकडे थंड होत चाललेला भात, असं चित्र दिसतं.

पुण्याच्या उपनगरातलं एक मध्यम आकाराचं विठ्ठल-रुक्मिणी मंदिर उदाहरणादाखल धरू. प्राणप्रतिष्ठा अक्षय्य तृतीयेची, आजूबाजूला सोसायट्या, दरवर्षी सात दिवसांचा अखंड हरिनाम सप्ताह आणि आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन व महाप्रसाद.

पहिला प्रश्न तारखेचा. वर्धापनदिन तिथीने होतो, म्हणून तारीख दरवर्षी हलते. अक्षय्य तृतीया 2024 मध्ये 10 मे, शुक्रवारी होती. 2025 मध्ये 30 एप्रिल, बुधवारी. आणि 2026 मध्ये 19 एप्रिल, रविवारी. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं असल्याने तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे 2027 ची अक्षय्य तृतीया परत मे महिन्यात पडते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की गेल्या वर्षीचा आकडा जसाच्या तसा धरता येत नाही. बुधवारी नऊशे पानं उठली असतील, तर रविवारी त्याच मांडवात पंधराशे उठू शकतात. शिवाय नावाजलेल्या कीर्तनकारांच्या तारखा फार आधी लागतात. त्यांना नुसती तिथी सांगून भागत नाही, पंचांग बघून तारीखही सांगावी लागते.

आता वेळापत्रक. 19 एप्रिलला काला, म्हणजे 12 एप्रिलला सकाळी वीणा उभी करायची. सप्ताहाचे सात दिवस दररोज पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत वाचायच्या, तर रोज सरासरी तेराशेच्या आसपास होतात. पारायणाला सकाळचा भरपूर वेळ राखून ठेवतात तो यासाठीच.

काल्याच्या दिवसाचं वेळापत्रक असं असेल:

पहाटे 4.30: काकड आरती (ध्वनिक्षेपकाविना)
सकाळी 6.00: महापूजा व अभिषेक. या वेळात दर्शन बंद
7.30: दर्शन सुरू, दिंडी प्रदक्षिणा
10.00 ते 12.00: काल्याचं कीर्तन
12.00: दहीहंडी, आरती, काल्याचा प्रसाद
12.30 पासून: महाप्रसाद
संध्याकाळी 6.00: हरिपाठ, रात्री 9.00: शेजारती

यातल्या दोन ओळी मुद्दाम लिहिलेल्या आहेत. 'ध्वनिक्षेपकाविना' हा शब्द कायद्यातून आला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ठरवून मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण पहाटेला ती सवलत लागू होत नाही. म्हणून काकडा टाळ-मृदंगावर होतो आणि रात्रीचं कीर्तन सातला सुरू करून नऊ-साडेनऊला संपवतात. पत्रिकेतच हे छापलं, की शेजारच्या सोसायटीचीही तक्रार राहत नाही.

दुसरी ओळ 'दर्शन बंद' ही. अभिषेकाच्या वेळी गाभाऱ्यात दोन-तीन जणांनाच जागा असते. हे आधी कळलं नाही, तर सहाला आलेला माणूस दीड तास रांगेत उभा राहतो आणि त्याच्यामागे रांग वाढत जाते. पत्रिकेत वाचलेला माणूस साडेसातला येतो.

वेळापत्रकाचा खिळा मात्र एकच: काल्याचं कीर्तन बाराला संपणं. काल्याआधी महाप्रसाद वाढत नाहीत, त्यामुळे कीर्तन पाऊण तास लांबलं की पुढचं सगळं पाऊण तास घसरतं. सत्कार, मान्यवरांची मनोगतं आणि देणगीदारांच्या नावांचं वाचन ही या घसरणीची नेहमीची कारणं. शहाणी मंडळं हे सगळं आदल्या रात्रीच्या कीर्तनाआधी उरकून घेतात.

पंगतीचं गणित इथून सुरू होतं. समजा मांडवात पन्नास पानांच्या चार ओळी, म्हणजे एका वेळी 200 माणसं बसतात. वाढणं आणि जेवणं मिळून पंचवीस मिनिटं, उष्टं काढून जागा पुसून पुन्हा पानं मांडायला दहा. म्हणजे एका पंगतीला पस्तीस मिनिटं. पंधराशे लोकांना आठ पंगती लागतात आणि साडेबाराला सुरू केलेला महाप्रसाद पाच वाजून गेल्यावर संपतो. एप्रिलच्या उन्हात हे जमण्यासारखं नाही. मांडव वाढवून सहा ओळी केल्या, तर एका पंगतीत 300 जण बसतात, पाच पंगतींत काम होतं आणि साडेतीनच्या सुमारास आचारी मोकळे होतात.

पण ओळी वाढल्या की वाढपी वाढतात. भात, वरण, भाजी, पोळी, गोड आणि पाणी असे ओळीमागे सहा जण धरले, तर सहा ओळींना 36 जण लागतात. उन्हात वाकून वाढणारा माणूस दोन तासांनंतर थकतो. मग वरण सांडायला लागतं, आवाज चढतो, मागच्या टोकाला भात पोचत नाही. म्हणून दोन तुकड्या, एकूण 72 जण. 'भाविकांनी सेवेसाठी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे' असं लिहिलं, की बारा वाजता दीडशे जण कंबर कसून उभे असतात आणि अडीचला पंधराही सापडत नाहीत. त्याऐवजी असं लिहावं: 'वाढप, पहिली तुकडी: 36 जण, दुपारी 12 ते 2. दुसरी तुकडी: 36 जण, 2 ते 4. दुसऱ्या तुकडीने पहिल्या पंगतीला जेवून घ्यावे. नावे कार्यालयात नोंदवावीत.' त्यातली जेवणाची ओळ विसरू नये. उपाशी वाढप्याला शेवटपर्यंत उभं करणं अवघड जातं.

सेवेकऱ्यांची सर्वांत मोठी टंचाई मात्र महाप्रसादाला नसते, ती रात्रीच्या पहाऱ्याला असते. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. येणारा पहारेकरी वीणेकऱ्याच्या पाया पडतो, वीणेकरी त्याच्या, आणि नामजप न तोडता वीणा बदलते. सात दिवसांचे 168 तास, दोन-दोन तासांचा पहारा धरला तर 84 पहारे. संध्याकाळचे पहारे मागून मिळत नाहीत. रात्री बारा ते दोन आणि दोन ते चार या वेळेला कोणी नाव देत नाही. सात रात्रींचे असे चौदा पहारे, आणि सोबत टाळकरी धरला तर अठ्ठावीस माणसं. पत्रिकेसोबत या चौदा पहाऱ्यांचा रिकाम्या चौकटींचा तक्ता मंदिराच्या फळ्यावर लावला, की कुठली रात्र मोकळी आहे ते दिसतं आणि तीच नेमकी मागता येते. नाही तर तिसऱ्या रात्री दोघेच आलटून पालटून पहाटेपर्यंत उभे राहतात आणि पाचव्या दिवशी आजारी पडतात.

स्वयंपाकघराचं काम मात्र हौशी हातांवर सोडू नये. भाविकांना अन्न वाटणाऱ्यांनाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते आणि त्यामागे कारण आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सप्ताहाच्या प्रसादातून शेकडो लोकांना विषबाधा झाली. खाटा पुरल्या नाहीत म्हणून दोरीला सलाईनच्या बाटल्या टांगून लोकांवर उघड्यावर उपचार करावे लागले. आपल्या उदाहरणात पंधराशे जणांना माणशी शंभर ग्रॅम धरून दीडशे किलो तांदूळ लागतो. तो पहाटेच एकदम शिजवून ठेवला, तर चौथ्या पंगतीपर्यंत कोमट भात आठ-नऊ तासांचा होतो. भातातले काही जिवाणू शिजवूनही मरत नाहीत आणि अशा कोमट अवस्थेत वाढतात. उपाय सोपा आहे: पंचवीस-तीस किलोची एक अशी पातेली पंगतीगणिक चढवायची. दुसरी पंगत बसली की तिसरीचा भात चुलीवर. वरण शेवटपर्यंत आचेवर, गोडात श्रीखंड-बासुंदीऐवजी शिरा किंवा बुंदी.

यामुळेच पाहुण्यांसाठीच्या सूचनांत 'महाप्रसाद पिशवीत भरून घरी नेऊ नये' हे येतं. पातळ पिशवीत बांधलेला गरम भात उन्हात दोन-तीन तास फिरला, तर संध्याकाळी आजारी पडणारं घर दोष मंदिरालाच देतं. घरी न्यायला बुंदीची किंवा साखरफुटाण्यांची पुडी द्यावी. तीही कागदात, कारण प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटं यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे.

सूचनांमागचं कारण असं एका ओळीत लिहिलं, की लोक ती पाळतात. 'रांगेत नारळ फोडू नये' ही बहुतेकांना फुकटची शिस्त वाटते. 25 जानेवारी 2005 रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन तीनशेच्या आसपास भाविक गेले. त्या दिवशी नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. म्हणून नारळ फोडण्याची जागा रांगेबाहेर, उताराच्या खालच्या अंगाला आणि वाळू पसरलेली असावी. 'दर्शनानंतर डावीकडच्या दारानेच बाहेर पडावे' ही सूचनाही त्याच जातीची. एका दारातून आत-बाहेर होऊ लागलं, की दोन प्रवाह गाभाऱ्यासमोर भिडतात. चपलांचं तसंच. चपला बाहेर काढायच्या हे सगळ्यांना माहीत असतं, अडचण एप्रिलमधल्या तापलेल्या फरशीची असते. चप्पल स्टँड रांगेच्या तोंडाशी ठेवून तिथपासून काथ्याच्या ओल्या पट्ट्या अंथरल्या, तर चपला दारात पडत नाहीत.

कीर्तनातल्या रीती नव्या पिढीला सांगाव्या लागतात: कीर्तनकार आणि टाळकरी यांच्या मधून जाऊ नये, अभंग चालू असताना उठू नये, फोटो बसल्या जागेवरून काढावा, गाभाऱ्यात काढू नये. पंगतीत बसलेल्यांनी सगळ्यांचं होईपर्यंत थांबावं, यालाही कारण आहे. मधूनच उठणाऱ्यांमुळे वाढप्यांची वाट अडते आणि पस्तीस मिनिटांची पंगत पंचेचाळीसवर जाते. पाच पंगतींत हाच उशीर पन्नास मिनिटांचा होतो. लहान मुलांच्या खिशात पालकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, देणगी कार्यालयातच द्यावी आणि पावती घ्यावी, या दोन ओळी शेवटी असल्या की पत्रिका पुरी झाली.

पुढच्या वर्षीच्या पत्रिकेची तयारी मात्र त्याच दुपारी सुरू होते. प्रत्येक पंगतीला किती पानं उठली, भात किती पातेली लागला, किती उरला, कुठले पहारे रिकामे गेले आणि कीर्तन प्रत्यक्षात किती वाजता संपलं, एवढ्या पाच नोंदी एका वहीत करून खाली वार लिहून ठेवायचा. 2027 साठी मंडळ बसेल, तेव्हा आचाऱ्याला किती पानं सांगायची यावर वाद घालण्याऐवजी ती वही उघडता येईल.