प्रिंटर चालू आहे, पण छापतोय काय?

थ्रीडी प्रिंटरला आपण काय छापतोय याचा पत्ता नसतो. इकडे सरक, तिकडे सरक, सरकताना एवढं प्लास्टिक सोड, अशा हजारो सूचना त्याला एकामागून एक मिळतात आणि तो त्या इमानेइतबारे पाळतो. मधेच वस्तू बेडवरून सुटली तरी नोझल ठरलेल्या वाटेनंच फिरत राहतं आणि हवेत सुटलेल्या प्लास्टिकच्या शेवया साचत जातात. पडद्यावर मात्र सगळं आलबेल असतं. नोझल 200 अंशांवर, बेड 60 अंशांवर, काम 43 टक्के पूर्ण. हे आकडे खोटे नसतात. पण 43 टक्के म्हणजे फाइलमधला तेवढा भाग प्रिंटरकडे गेला, एवढंच. त्यातून वस्तू किती घडली, हे सांगायला डोळेच लागतात.

ही नजर पुरवण्याचं सर्वांत रुळलेलं साधन म्हणजे ऑक्टोप्रिंट. जर्मनीतल्या गिना हॉयस्गे यांनी 2012च्या अखेरीस हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. ते मोफत आणि मुक्त आहे. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक यूएसबी केबलनं प्रिंटरला जोडायचा, त्याच्या मेमरी कार्डावर ऑक्टोपाय ही तयार प्रणाली टाकायची आणि घरातल्या कुठल्याही फोनवर किंवा लॅपटॉपवर `octopi.local` हा पत्ता उघडायचा. तिथून फाइल पाठवता येते, तापमान बदलता येतं, छपाई थांबवता येते. पायला साधा यूएसबी वेबकॅम किंवा त्याचा स्वतःचा छोटा कॅमेरा जोडला की त्याच पानावर चित्रही दिसू लागतं.

कॅमेरा कुठे लावायचा, यावर बरंच अवलंबून आहे. हौसेनं तो वरून, अख्खा प्रिंटर दिसेल असा लावला जातो. फोटो झकास येतात, पण चूक दिसत नाही. चूक बहुतेक वेळा तळाशी सुरू होते. पहिला थर नीट चिकटला नाही तर पुढचे सगळे थर वाया जातात. म्हणून कॅमेरा बेडच्या पातळीपेक्षा किंचित वर आणि तिरका असावा, म्हणजे वस्तूचा कोपरा उचलला जातोय का, हे कळतं. कोपऱ्याखाली काळी फट दिसली की प्लास्टिक आकसून बेड सोडू लागलंय, असं समजावं. दुसरी खूण याहून फसवी असते. नोझल फिरतंय, पण वस्तूची उंची वाढत नाही आणि दोघांमधलं अंतर रुंदावतंय. याचा अर्थ नोझल तुंबलंय किंवा फिलामेंट कुठेतरी अडकलंय. अशा वेळी तापमानाचा आलेख अगदी सरळ असतो, त्यामुळे चित्र पाहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

चूक दिसली, पण आपण दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या गावात असलो तर करायचं काय? दुरून सुटलेली वस्तू चिकटवता येत नाही. बहुतेक वेळा छपाई रद्द करणं एवढंच हाती असतं. तेही काही कमी नाही. साचत चाललेलं वितळतं प्लास्टिक नोझलभोवती गोळा होऊन घट्ट बसलं, तर फिलामेंटच्या नुकसानीपेक्षा दुरुस्तीचा खर्च मोठा होतो. बेडवर एकाच वेळी आठ सुटे भाग छापत असतील आणि एकच बिघडला असेल, तर एक्सक्लूड रीजन हे प्लगइन उपयोगी पडतं. पडद्यावरच्या नकाशात त्या भागाभोवती चौकोन काढला की पुढच्या थरांत तेवढी जागा वगळली जाते आणि उरलेले सात भाग वाचतात. मात्र छपाई ऑक्टोप्रिंटमधूनच चालू असायला हवी. प्रिंटरमध्ये कार्ड घालून सुरू केलेल्या कामात सूचना पायमधून जातच नाहीत, मग त्या गाळणार कोण?

टाइमलॅप्सकडे लोक करमणूक म्हणून पाहतात. खरं तर बिघाडाची तपासणी करायला त्याच्याइतका चांगला साक्षीदार नाही, पण त्यासाठी तो योग्य पद्धतीनं काढावा लागतो. ऑक्टोप्रिंटमध्ये दोन पर्याय असतात. `Timed` मध्ये ठरावीक सेकंदांनी फोटो निघतो. दर दहा सेकंदांना एक धरला तर दहा तासांचे 3,600 फोटो होतात आणि सेकंदाला 25 फोटो या वेगानं जवळजवळ अडीच मिनिटांची फिल्म तयार होते. `On Z Change` मध्ये नोझल वरच्या थराला गेलं की फोटो निघतो, म्हणजे जेवढे थर तेवढेच फोटो.

समजा, 120 मिलिमीटर उंचीचा दिव्याचा स्टँड 0.2 मिलिमीटरच्या थरांनी छापायचा आहे. थर झाले 600, फिल्म 24 सेकंदांची. रात्री लावलेलं काम सकाळी गुंता होऊन पडलेलं मिळालं. फिल्म लावल्यावर दिसतं, की सहाव्या सेकंदाला स्टँड अचानक जागचा हलला. सहा गुणिले 25, म्हणजे दीडशेवा थर, उंची 30 मिलिमीटर. आता ऑक्टोप्रिंटच्या जी-कोड दर्शकात दीडशेवा थर उघडायचा. तिथे दिसतं, की याच उंचीच्या आसपास स्टँडच्या फांद्या खांबातून बाहेर झुकू लागतात. फिल्म पुन्हा हळू लावली तर आधीच्या काही फोटोंत फांदीची कड किंचित वर वळलेली सापडते. मग उलगडा होतो. खाली आधार नसलेलं प्लास्टिक थंड होताना वर वळलं, नोझल त्यावर आपटलं आणि धक्क्यानं अख्खा स्टँड बेडवरून सुटला. म्हणजे बेडला दोष देऊन त्यावर गोंद फासत बसण्यात अर्थ नाही. फांद्यांखाली आधार द्यायचा, पंख्याचा वेग वाढवायचा आणि तळाला रुंद किनार जोडायची.

या हिशेबात एक खोच आहे. जागा बदलताना नोझल क्षणभर उचलण्याची सोय, म्हणजे झेड-हॉप, चालू असेल तर प्रत्येक उडीला थर बदलल्याचा भास होऊन जादा फोटो निघतात आणि थरांचा हिशेब कोलमडतो. टाइमलॅप्सच्या सेटिंगमध्ये उडीची उंची भरली की ती दखलीतून वगळली जाते. एकसलग वर चढत जाणाऱ्या फुलदाणी पद्धतीच्या छपाईला मात्र `Timed` च बरं.

जमिनीतून कोंब फुटावा तशी वस्तू उगवताना दाखवणाऱ्या फिल्म ऑक्टोलॅप्स या प्लगइनच्या. ते प्रत्येक फोटोआधी नोझल बाजूला नेऊन थांबवतं. फिल्म देखणी होते, पण छपाई लांबते आणि थांब्यांमुळे वस्तूवर बारीक धागे राहू शकतात.

घराबाहेरून पाहायचं तर जपून. राउटरमध्ये थेट वाट उघडून देणं हा सोपा आणि घातक मार्ग आहे. 2018 साली सुरक्षा संशोधकांना इंटरनेटवर उघडे पडलेले साडेतीन हजारांहून अधिक ऑक्टोप्रिंट सापडले होते. पासवर्ड नसलेल्या प्रिंटरवर कुणीही परका फाइल चढवू शकत होता आणि कॅमेऱ्यातून खोलीही पाहू शकत होता. त्याऐवजी व्हीपीएन वापरावं किंवा ऑक्टोएव्हरीव्हेअर, ओबिको यांसारख्या सेवा घ्याव्यात. ओबिकोचं आधीचं नाव स्पॅगेटी डिटेक्टिव्ह. ती कॅमेऱ्याचं चित्र सतत तपासते आणि गुंत्याचा संशय आला की फोनवर इशारा देते. सांगून ठेवलं असेल तर छपाईही थांबवते. जाळीदार आधारांना ती कधीकधी गुंता समजते. पहिला थर सुटू लागला, हे मात्र तिला बहुधा उशिरा कळतं, कारण तेव्हा गुंता झालेलाच नसतो. म्हणून पहिली दहा मिनिटं माणसानंच पाहावीत.

कॅमेऱ्याच्या भरवशावर घर रिकामं सोडू नये, याचं कारण पायही अडकतो. कमी ताकदीचा चार्जर लावलेला असेल तर हमखास. सूचना बंद पडतात, नोझल वस्तूवर टेकून तसंच तापत राहतं आणि फोनवर शेवटचं, छान दिसणारं चित्र गोठून बसतं. चित्र खरं आहे ना, हे पाहायला तापमानाचे आकडे हलतायत का, ते बघावं. प्रिंटरचा वीजपुरवठा तोडणारा स्मार्ट प्लगही पायमधून नव्हे, तर स्वतःच्या ॲपमधून चालणारा असावा, नाहीतर नेमक्या वेळी तोही ऐकणार नाही. वीज एकदम गेली की नोझलवरचा थंड करणारा पंखाही थांबतो, उष्णता वर चढते आणि आतलं प्लास्टिक तुंबू शकतं. पण अशा वेळी तेवढं पत्करावं आणि खोलीत धुराचा इशारा देणारं यंत्र वेगळं लावावं.